बाजारामागच्या वाहनतळात ६०० गाड्या मावत नाहीत : वाहनतळ समितीला खुले पत्र

मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि वाहनतळ समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

बाजारपेठेमागच्या वाहनतळासाठी ‘पे अँड पार्क’ची निविदा निघणार आहे. तिच्यासोबतचा सल्लागारांचा अहवाल आपण नागरिकांच्या हरकतींसाठी खुला ठेवलात, त्याबद्दल आधी आभार. मी जमीन मोजणी आणि नकाशांच्या कामात आहे, त्यामुळे अहवालातले हवाई छायाचित्राचे पान मी बारकाईने पाहिले. त्या पानावर वाहनतळाची क्षमता ६०० चारचाकी अशी दिली आहे. निविदेतली किमान बोली याच आकड्यावरून ठरली आहे, आणि बाजारातल्या मुख्य रस्त्यावर पार्किंग बंद करण्याचा प्रस्तावही याच आकड्यावर उभा आहे. माझ्या हिशेबाने तिथे रेषा आखलेले चारचाकीचे स्लॉट ३७० च्या आसपास आहेत. एवढा फरक कशामुळे पडला हे कागदावर मांडता येते. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

आधी सल्लागारांनी काय केले ते पाहू. छायाचित्रात मागच्या बाजूचा, ईशान्येकडचा कोपरा मोकळा आहे आणि तिथल्या पांढऱ्या रेषा स्पष्ट दिसतात. बाकीचा तळ गाड्यांनी भरलेला आहे. त्यांनी मोकळ्या भागावर ३० मीटर बाय ३२ मीटरची चौकट आखली आणि तिच्यातले स्लॉट मोजले. ते ४८ भरले. ९६० चौरस मीटरमध्ये ४८ स्लॉट, म्हणजे एका स्लॉटला २० चौरस मीटर. वाहनतळाची जागा १२,००० चौरस मीटर. भागाकार केला की ६०० येतात.

एका भागातले स्लॉट मोजून संपूर्ण तळाचा अंदाज बांधणे ही पद्धत मुळात चुकीची नाही. छायाचित्र गर्दीच्या दिवशीचे असेल तर रेषा गाड्यांखाली झाकलेल्या असतात, आणि जिथे त्या दिसतात तिथूनच सुरुवात करावी लागते. गुगल अर्थवर जुनी छायाचित्रे मागे जाऊन पाहता येतात. २०२० च्या टाळेबंदीच्या महिन्यांतली छायाचित्रे मिळाली तर अनेक शहरांतले वाहनतळ त्यांत रिकामे दिसतात आणि सगळेच स्लॉट मोजता येतात. पण आपल्या तळावर तेव्हा रेषा मारलेल्या नव्हत्या, त्यामुळे तो मार्ग इथे बंद आहे. नमुना घेणे भाग होते. प्रश्न एवढाच, की त्या नमुन्यातून नेमके काय घ्यायचे आणि कशाला गुणायचे.

चौकटीत सल्लागारांनी मोजलेले ४८ स्लॉट बरोबर आहेत, हे मी आधीच सांगतो. ती चौकट कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हेही त्यांनी नीट सांभाळले आहे. हे वाटते तितके किरकोळ नाही. काटकोनात गाड्या लावायच्या तळाची रचना एका ठरावीक मापाने पुन्हा पुन्हा येत असते. ५ मीटर लांबीची गाड्यांची रांग, मग गाड्या आत-बाहेर काढायची ६ मीटरची वाट, मग समोरची ५ मीटरची रांग. हा १६ मीटरचा एक पट्टा. असे पट्टे पाठीला पाठ लावून मांडलेले असतात. सल्लागारांची चौकट ३२ मीटर खोल आहे, म्हणजे बरोबर दोन पट्टे : चार रांगा आणि दोन वाटा. प्रत्येक रांगेत ३० मीटरमध्ये अडीच मीटरचे १२ स्लॉट. बारा चोक अठ्ठेचाळीस.

हीच चौकट जरा सरकवली तर काय होते ते पाहा. समजा कुणी रांग, वाट, रांग आणि तिच्या पाठीची रांग एवढाच भाग घेतला. खोली २१ मीटर, त्यात तीन रांगा, ३६ स्लॉट, ६३० चौरस मीटर. एका स्लॉटला साडेसतरा चौरस मीटर, आणि क्षमता येईल ६८६. दुसऱ्याने वाट, दोन पाठमोऱ्या रांगा आणि पुन्हा वाट अशी २२ मीटरची चौकट घेतली तर ६६० चौरस मीटरमध्ये २४ स्लॉट, एका स्लॉटला साडेसत्तावीस चौरस मीटर, क्षमता ४३६. छायाचित्र तेच, मोजणीही दोघांची बिनचूक, तरी आकड्यांत अडीचशे गाड्यांचा फरक. म्हणून चौकटीत नेहमी पूर्ण पट्टेच आले पाहिजेत. इतर वाहनतळांच्या पानांवर, जिथे चौकटीची खोली १६ च्या पटीत दिसत नाही, तिथे समितीने सल्लागारांना हा प्रश्न जरूर विचारावा.

मोजताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. छायाचित्रात डोळ्यांना स्लॉट दिसत नाहीत, रेषा दिसतात. १२ स्लॉटना १३ रेषा लागतात. घाईत रेषा मोजल्या तर चार रांगांत ४८ च्या जागी ५२ होतात, आणि गुणाकारानंतर तीच चूक ६०० चे ६५० करते. इथे तसे झालेले नाही. पण दुसऱ्या एका तळाच्या पानावर २० मीटरच्या रांगेत ९ स्लॉट दाखवले आहेत, आणि अडीच मीटरने ते ८ च बसतात. ते पान पुन्हा तपासावे.

आता मूळ चुकीकडे येतो. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण पातेल्यातला सगळा भात एकाच आचेवर शिजलेला असतो. वाहनतळ सगळीकडे सारखा नसतो. जो कोपरा नमुन्यासाठी निवडला तो तळाचा सर्वांत सुटसुटीत भाग आहे. तिथे फाटक नाही, झाड नाही, तिरपी भिंत नाही, आडवी वाट नाही. त्या कोपऱ्यातून २० चौरस मीटर हा आकडा घ्यायचा आणि तो फाटकाला, पावतीच्या केबिनला, स्वच्छतागृहाला, महावितरणच्या डीपीला आणि कडुनिंबाच्या बुंध्यांनाही लावायचा, म्हणजे या सगळ्या जागांवरही गाड्या उभ्या आहेत असे धरणे होय. क्षेत्रफळाने भागाकार केला की हे आपोआप घडते, आणि आकडा जवळपास नेहमी वरच्याच बाजूला चुकतो. कारण नमुना घेणारा माणूस, अगदी प्रामाणिक असला तरी, जिथे रेषा स्वच्छ दिसतात तीच जागा निवडतो, आणि रेषा स्वच्छ असतात तिथेच अडथळे कमी असतात.

आपल्या तळावर हा फरक कुठून कुठून आला ते वेगवेगळे काढता येते. पहिली गोष्ट, १२,००० चौरस मीटर हा आकडा मिळकत पत्रिकेतला आहे. पत्रिकेतली हद्द ओढ्यापर्यंत जाते, संरक्षक भिंत मात्र त्याच्या अलीकडे आहे. भिंतीच्या आतला भाग छायाचित्रावर मोजला तर आकार समलंब येतो : मागची बाजू १५६ मीटर, रस्त्याकडची ११६ मीटर आणि खोली ८० मीटर. क्षेत्रफळ १०,८८० चौरस मीटर. म्हणजे १,१२० चौरस मीटर जमीन भिंतीबाहेर, ओढ्याच्या काठावर आहे. अहवालाच्या हिशेबाने त्या झुडपांत ५६ गाड्या लागतात.

इथे एक तांत्रिक बाबही आहे, आणि ती समितीने समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते. नमुन्याची चौकट आणि संपूर्ण तळ, दोन्ही एकाच छायाचित्रावर मोजले तर छायाचित्राच्या प्रमाणात थोडी चूक असली तरी बिघडत नाही. दोन्ही मापे सारखीच चुकतात आणि भागाकारात चूक निघून जाते. पण चौकट छायाचित्रावरून आणि एकूण जागा सरकारी पत्रिकेवरून घेतली, की हे संरक्षण जाते. छायाचित्राची लांबी ५ टक्क्यांनी चुकली तर चौकटीचे क्षेत्रफळ सुमारे १० टक्क्यांनी चुकते, आणि ६०० वर १० टक्के म्हणजे ६० गाड्या. पीडीएफमध्ये चिकटवलेले, लहानमोठे केलेले छायाचित्र असेल तर ५ टक्के चूक सहज होऊ शकते. म्हणून एकतर सगळे एकाच छायाचित्रावर मोजावे, नाहीतर भिंतीची एखादी बाजू जागेवर टेपने मोजून छायाचित्राशी ताडून घ्यावी.

दुसरी गोष्ट रस्त्याकडच्या पट्ट्याची. भिंतीच्या आतले पाच पट्टे होतात. त्यांतल्या पुढच्या पट्ट्यात फाटक, केबिन, स्वच्छतागृह आणि डीपी आहे, आणि उरलेल्या जागेवर दुचाकींच्या रेषा आहेत. चारचाकीचा स्लॉट अडीच मीटर बाय ५ मीटर आणि दुचाकीचा १ मीटर बाय २ मीटर, असे राज्याच्या युडीसीपीआर नियमावलीतच आहे, आणि आपल्या ठेकेदाराने रेषा त्याच मापाने मारल्या आहेत. छायाचित्रात हा फरक लगेच कळतो, कारण दुचाकींच्या रेषा इतक्या दाट असतात की त्या भागाला राखाडी झाक आल्यासारखी दिसते. या पट्ट्याचे क्षेत्रफळ १,९२० चौरस मीटर आहे. अहवालात त्यावर ९६ चारचाकी धरल्या गेल्या आहेत. तिथे एकही चारचाकी लावता येत नाही.

भिंतीबाहेरचे ५६ आणि या पट्ट्यातले ९६ वजा केले तर मागच्या चार पट्ट्यांवर अहवालाचे ४४८ स्लॉट उरतात. ही जागा खरोखर गाड्यांची आहे. पण इथेही २० चौरस मीटरचा दर पुरत नाही, कारण प्रत्येक रांगेच्या दोन्ही टोकांना वळायला ६ मीटरची आडवी वाट सोडली आहे, मध्यावर आणखी एक आडवी वाट आहे, आणि ओढ्याकडची भिंत तिरपी असल्यामुळे प्रत्येक रांगेच्या टोकाला एक त्रिकोणी तुकडा वाया जातो. नमुन्याच्या चौकटीत यातले काहीच नव्हते.

हे सगळे नुकसान एकेक करून वजा करत बसण्यापेक्षा एक सोपा मार्ग आहे, आणि माझी समितीला मुख्य सूचना तीच आहे. नमुन्यातून दर चौरस मीटरला किती स्लॉट हे काढूच नये. नमुन्यातून फक्त एकच गोष्ट घ्यावी : एका स्लॉटची रुंदी. मग संपूर्ण तळावर रेषा मारलेल्या रांगांची लांबी मोजावी आणि तिला त्या रुंदीने भागावे. रांग जिथे तुटते तिथे मोजणी थांबते. त्यामुळे झाड, वाट, डीपी, तिरपी भिंत हे सगळे आपोआप बाहेर राहते. रेषा गाड्यांखाली झाकलेल्या असल्या तरी रांग कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे भरलेल्या तळावरही नीट दिसते, आणि या पद्धतीला तेवढे पुरते.

रुंदी मोजताना एकच स्लॉट मोजू नये. उपग्रहाच्या चांगल्या छायाचित्रातही एक पिक्सेल जमिनीवरचा सुमारे ३० सेंटिमीटरचा असतो. अडीच मीटरचा स्लॉट म्हणजे जेमतेम आठ पिक्सेल, आणि १० सेंटिमीटरची पांढरी रेषा तर पिक्सेलपेक्षाही बारीक, म्हणून ती पांढरी न दिसता फिकट राखाडी दिसते. तिचा मध्य एका पिक्सेलने इकडेतिकडे धरला गेला तर रुंदी १२ टक्क्यांनी चुकते. त्याऐवजी पहिल्या रेषेपासून तेराव्या रेषेपर्यंतचे अंतर घेतले आणि १२ ने भागले तर तीच एका पिक्सेलची चूक १ टक्क्यावर येते. मी तसे केले. ईशान्येच्या कोपऱ्यात १२ स्लॉटना ३० मीटर, म्हणजे स्लॉट अडीच मीटरचा.

पण हा एकच कोपरा झाला. रेषा दोन टप्प्यांत किंवा दोन वेगळ्या माणसांनी मारल्या असतील तर दुसरीकडे रुंदी वेगळी असू शकते. म्हणून पश्चिमेकडच्या भरलेल्या भागात, सहाव्या रांगेत, गाड्यांच्या नाकांपुढे रेषांची टोके जिथे डोकावतात तिथे मी पुन्हा मोजले. ६ स्लॉटना १५ मीटर. तेच माप. गाड्यांच्या मधल्या अंतरावरून रुंदी काढू नये. माणसे गाडी रेषेच्या मधोमध लावतातच असे नाही, आणि गर्दीच्या दिवशी तीन स्लॉटमध्ये चार छोट्या गाड्या घुसवलेल्याही दिसतात. तिरप्या रांगा असतील तर आणखी सांभाळावे. ४५ अंशांत लावलेल्या अडीच मीटर रुंद स्लॉटला रांगेच्या लांबीत सुमारे साडेतीन मीटर लागतात. अशा रांगेला काटकोनातला दर लावला तर दहा स्लॉटच्या जागी चौदा मोजले जातात. आपल्या या तळावर तिरप्या रांगा नाहीत, पण बसस्थानकाजवळच्या तळावर आहेत.

आता आकडे. मागच्या चार पट्ट्यांत आठ रांगा आहेत. सर्वांत मागची सुमारे १३५ मीटर भरते, आणि तिरप्या भिंतीमुळे पुढे पुढे रांगा आखूड होत जाऊन आठवी १०५ मीटरवर येते. चौथ्या आणि पाचव्या रांगेमध्ये कडुनिंब आहेत. तिथे झाडाचा पसारा किती आणि रेषा खरोखर किती तुटतात हे वेगळे करावे लागते, कारण वरून पाहताना फांद्यांखाली स्लॉट आहे की आळे हे कळत नाही. बाहेर दिसणाऱ्या रेषांचे अंतर मोजले तर दोन्ही रांगांत मिळून २० मीटर रेषांविना आहेत. ते वगळून आठही रांगांची मिळून लांबी सुमारे ९४० मीटर. ९४० ÷ २.५ = ३७६.

यातून थोडे आणखी वजा करावे लागते. फाटकाच्या बाजूच्या रांगेत अपंग व्यक्तींसाठी राखीव दहा स्लॉट आहेत. त्यांची रुंदी ३.६ मीटर असते, कारण चाकाची खुर्ची गाडीच्या बाजूने उतरवायला जागा लागते. छायाचित्रात ते निळ्या रंगामुळे ओळखता येतात. दहा स्लॉटना २५ मीटरऐवजी ३६ मीटर लागतात, म्हणजे साधारण चार स्लॉट कमी. राहिले ३७२.

हा हिशेब मला कितपत विश्वासाचा वाटतो, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या रांगेचा पूर्वेकडचा अर्धा भाग मोकळा आहे, पण तो नमुन्यात घेतला नव्हता. लांबीवरून तिथे २६ स्लॉट यायला हवेत. रेषांवरून प्रत्यक्ष मोजले तर स्लॉट २५ आहेत, कारण मध्ये दिव्याच्या खांबाचा काँक्रीटचा ओटा आहे. असे ओटे भरलेल्या भागातही असणार. म्हणून मी ३७२ असा काटेकोर आकडा न देता ३६० ते ३८० अशी मर्यादा देतो. दुसऱ्या बाजूनेही ताळा जमतो. मागच्या चार पट्ट्यांचे क्षेत्रफळ ८,९६० चौरस मीटर आहे. त्याला ३७२ ने भागले तर एका गाडीला सुमारे २४ चौरस मीटर पडतात. दिल्लीच्या २०२१ च्या बृहत् आराखड्यात उघड्या वाहनतळासाठी एका गाडीला २३ चौरस मीटर धरले आहेत. उघड्या तळावर २० चौरस मीटर हा आकडा कुठे आला, की नमुन्यात आडव्या वाटा आणि कडा आलेल्या नाहीत असे समजून पुन्हा पाहावे. ही खूण समितीला बाकीच्या सगळ्या पानांवर वापरता येईल.

छायाचित्राबद्दल एक इशारा. अहवालातल्या एका पानावर वरून सरळ घेतलेले छायाचित्र नाही. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून घेतलेले तिरपे छायाचित्र आहे. त्यात जवळचे स्लॉट मोठे दिसतात आणि लांबचे लहान. जवळच्या भागाची चौकट घेतली तर क्षमता कमी येते, लांबची घेतली तर जास्त. असे छायाचित्र रांगा कुठे आहेत हे समजायला उपयोगी आहे, मोजायला नाही. ड्रोनच्या फोटोंवरून सरळ केलेले ऑर्थोफोटो मिळाले तर त्यांत एक पिक्सेल काही सेंटिमीटरचा असतो आणि रेषा थेट मोजता येतात. तेही सकाळी लवकर, तळ रिकामा असताना घेतलेले असावेत, आणि सावल्या फार लांब नसाव्यात.

आता हा फरक कुणाच्या अंगावर पडणार ते पाहा. निविदेतली किमान बोली ६०० स्लॉटच्या उत्पन्नावर बेतली आहे. ज्या ठेकेदाराने ती भरली त्याला ३७० स्लॉटमधून ६०० चे पैसे काढावे लागतील. त्याच्याकडे फारसे मार्ग नाहीत. तो रांगांमधल्या ६ मीटरच्या वाटेत एका कडेने गाड्यांची आणखी एक ओळ उभी करील. मग वाटेत चार मीटरच उरतात, आणि काटकोनात लावलेली गाडी एका दमात बाहेर निघत नाही. मागच्या कोपऱ्यात एखादी गाडी पेटली तर अग्निशमनाचा बंब तिथपर्यंत पोचणे कठीण होईल. किंवा तो दुचाकींची जागा चारचाकींना देईल, आणि भाजी आणायला आलेल्या बायाबापड्यांच्या, दुकानांत काम करणाऱ्या पोरांच्या दुचाकी पुन्हा रस्त्यावर येतील. ठेकेदाराला दोष देण्याआधी आपण त्याच्या हातात कोणता आकडा दिला होता हे आठवावे लागेल.

बाजारातल्या व्यापाऱ्यांचा प्रश्न याहून थेट आहे. मुख्य रस्त्यावरचे पार्किंग बंद केल्यावर त्या गाड्या या तळात मावतील, असे त्यांना बैठकीत सांगितले गेले. ते हिशेब ६०० वर केलेले होते. शिवाय आखलेले स्लॉट आणि प्रत्यक्ष वापरता येणारे स्लॉट हेही एक नव्हे. तळ साधारण ८५ ते ९० टक्के भरला की नव्याने आलेला माणूस मोकळी जागा शोधत वाटांमधून फिरत राहतो, आणि फाटकावर रांग लागते. म्हणजे गर्दीच्या वेळी ३७० पैकी सव्वातीनशेच्या आसपास गाड्यांचा भरवसा धरावा. व्यापाऱ्यांना हा आकडा आजच कळला तर ते त्यांच्या मालवाहू गाड्यांच्या वेळा, दुसऱ्या जागेची मागणी, काहीतरी ठरवू शकतील. रस्ता बंद झाल्यावर कळला तर त्यांच्या हातात काही उरणार नाही.

म्हणून माझी विनंती अशी. या तळाची निविदा थोडी पुढे ढकलावी. एखाद्या सकाळी, बाजार सुरू होण्याआधी, नगरपरिषदेचे दोन कर्मचारी पाठवून प्रत्येक रांगेतले स्लॉट चालत मोजावेत, रांगनिहाय लिहावेत आणि दोघांचे आकडे वेगवेगळे नोंदवून मग ताडावेत. एका तळासाठी तासाभराचे काम आहे. गावात तळ अनेक आहेत आणि सल्लागारांनी ते सगळे एकाच पद्धतीने मोजले आहेत. म्हणून बाकीच्यांसाठी छायाचित्रावरून अंदाज करायचाच असेल तर तो रांगांच्या लांबीवरून करावा. अहवालाच्या प्रत्येक पानावर नमुन्याची चौकट, तिच्यात पूर्ण पट्टे किती, स्लॉटची मोजलेली रुंदी, छायाचित्राची तारीख, रांगांची एकूण लांबी, आणि दुचाकी व राखीव स्लॉट वेगळे करून दाखवावेत. शेवटी एकच आकडा न देता मर्यादा द्यावी. किमान बोली त्या मर्यादेच्या खालच्या टोकावर ठरवावी.

माझ्या मोजणीचे नकाशे, रांगांवर आखलेल्या रेषांसह, मी या पत्रासोबत कार्यालयात जमा केले आहेत. समितीच्या पुढच्या बैठकीत ते समजावून सांगायला मी येईन. सल्लागारांच्या प्रतिनिधींनाही त्या वेळी बोलवावे, म्हणजे ज्या रांगेबद्दल मतभेद आहे ती छायाचित्रावर एकत्र पाहता येईल.

आपला नम्र,
बाजारपेठेतला एक रहिवासी व करदाता